वीस मिनिटं आणि एक हंडा पाणी

सूर्यमाळहून आम्ही बोलतोय. भाकरी थापत असाल तर थापत ऐका. पण आजूबाजूला एखादं रांगतं पोर असेल, तर आधी त्याला चुलीपासून उचला आणि मग ऐका. आजचं बोलणं त्याच्यासाठीच आहे.

गेल्या थंडीत आमच्या गटातल्या एका बाईच्या घरी जे झालं, ते तिच्या परवानगीनं सांगतो. नाव सांगत नाही. सकाळची वेळ होती. सूर्यमाळची थंडी तुम्हाला माहीत आहे, उन्हं वर येईपर्यंत कोणी चुलीपासून हलत नाही. भाताची पेज शिजली, आईनं टोप उतरवला आणि थंड व्हायला खाली जमिनीवर ठेवला. तिथे आपण सगळ्याच ठेवतो. दीड वर्षाची मुलगी आजीजवळ बसलेली होती. आजी पाटीतून लाकूड घ्यायला वळली. तेवढ्यात मुलगी टोपाला धरून उभी राहायला गेली आणि टोप तिच्याकडे कलंडला. पेज उजव्या खांद्यावरून छातीवर आणि दंडावर गेली. अंगात सुती झबलं आणि वर लोकरीचं स्वेटर होतं.

पुढच्या दहा मिनिटांत घरात चार माणसं धावली आणि चौघांनी चार गोष्टी केल्या. आई पाण्याची कळशी घेऊन आली. आजी म्हणाली, "पाणी नको घालू गं, फोड येतील." आईचा हात थांबला. काकानं टूथपेस्ट आणली आणि हातावर, मानेवर दिसेल तिथे लावली. शेजारची बाई हळद आणि तेल घेऊन आली. तोवर पोर किंचाळतच होतं. स्वेटर मात्र कोणीच काढलं नाही, कारण थंडी होती आणि स्वेटरवरून तर काही दिसत नव्हतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा स्वेटर काढलं. आत झबलं अजून गरम ओलं होतं. पेज दाट असते, ती कापडात धरून राहते आणि पटकन थंड होत नाही. पुढे दवाखान्यात कळलं की हातावर जिथे पेज उघड्या कातडीवरून ओघळून गेली होती, तिथलं भाजणं वरवरचं होतं. स्वेटराखाली, खांद्यावर आणि छातीवर, ते खोल गेलं होतं. टोप एकच, पेज एकच, मुलगी एकच. फरक फक्त एवढाच की एका जागेवरून उष्णता निघून गेली आणि दुसऱ्या जागेवर ती दहा मिनिटं दाबून राहिली.

बायांनो, आजच्या बोलण्यातलं सगळं या एका गोष्टीत आहे. टोप सांडला त्या क्षणी भाजणं संपत नाही. कातडी तापलेली असते आणि ती उष्णता आत आत जात राहते. तवा चुलीवरून उतरवला तरी भाकर थोडा वेळ शेकत राहते ना, तसंच. आपलं काम एकच आहे, ती उष्णता बाहेर काढायची. जे काही उष्णता बाहेर काढतं ते बरोबर. जे काही तिला आत धरून ठेवतं ते चूक. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली तर काय करायचं आणि काय लावायचं नाही, हे पाठ करावं लागत नाही. आपोआप सुचतं.

आता क्रमानं बघू.

सर्वात आधी कपडे काढायचे. गरम पाणी, चहा, पेज, डाळ, काहीही सांडलं असेल तर ओला कपडा लगेच अंगावेगळा करायचा. स्वेटर, झबलं, लंगोट, सगळं. लंगोट विसरू नका, त्यात गरम पाणी साचून राहतं आणि नाजूक जागा भाजते. बटणं काढत बसू नका, कात्री मिळाली तर उभं कापा. डोक्यावरून ओढून काढलं तर गरम कपडा तोंडावरून घासला जातो. एखाद्या जागी कापड कातडीला चिकटलं असेल तर तेवढा तुकडा तिथेच राहू द्या, भोवतीनं कापा, ओढू नका. त्याच वेळी हातातलं कडं, मनगटातला काळा दोरा, कमरेचा करगोटा, पायातले वाळे काढून टाका. भाजलेली जागा थोड्या वेळात सुजते. मग तो दोरा कातडीत रुततो आणि काढताना पोराला दुप्पट त्रास होतो. नजरेचा दोरा असेल तरी काढा, नंतर दुसरा बांधता येतो.

मग पाणी. साधं, माठातलं किंवा हंड्यातलं थंड पाणी भाजलेल्या जागेवर सोडायचं आणि वीस मिनिटं सोडत राहायचं. वीस मिनिटं का? ऑस्ट्रेलियात भाजण्यावर काम करणाऱ्या डॉक्टरांनी कमीजास्त वेळ पाणी सोडून पाहिलं, तेव्हा वीस मिनिटं धरलेलं पाणी दहा मिनिटांपेक्षा जास्त उपयोगी ठरलं. आपण काय करतो? दोन तांबे ओततो, पोर जरा शांत झालं की थांबतो. वरची कातडी गार लागते, पण आतली गरमच असते. दोन तांब्यांनी ते निघत नाही.

इथे तुमच्यातल्या कितीतरी जणी मनात म्हणाल्या असतील, वीस मिनिटं पाणी ओतायला आमच्याकडे नळ कुठे आहे? बरोबर आहे. मोखाड्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, एकेक हंडा डोक्यावरून येतो. हाच प्रश्न आम्ही गटाच्या बैठकीत घेतला आणि नुसती चर्चा न करता करून बघितलं. एक स्टीलचा हंडा भरून घेतला. त्यात आमचे पंधरा तांबे पाणी बसलं. एकीनं हात पुढे धरला, खाली परात ठेवली, दुसरी बारीक धारेनं तांब्या ओतत होती. मोबाईलवर वेळ लावली. बारीक धार धरली तर एक तांब्या सुमारे एक मिनिट पुरला. म्हणजे एका हंड्यात पंधरा मिनिटं झाली. उरलेली पाच मिनिटं परातीत साचलेलं पाणी पुन्हा तांब्यात घेऊन ओतलं. वीस मिनिटं एका हंड्यात झाली आणि परातीतलं पाणी शेवटी भाजीच्या वाफ्याला गेलं.

तेव्हा लक्षात ठेवा. धार बारीक ठेवायची, जोरात ओतायचं नाही. जोरात ओतलं तर पाणी वाया जातं, पोराला दुखतं आणि फोड असेल तर फुटतो. परात आधी स्वच्छ असावी. परातीतलं पाणी हाताला कोमट लागायला लागलं तर ते टाकून ताजं घ्या. हात किंवा पाय भाजला असेल तर तो सरळ पाण्याच्या बादलीत बुडवून धरला तरी चालतं. पाणी खरंच कमी असेल, अर्धी कळशीच उरली असेल, तर धुतलेलं सुती फडकं पाण्यात भिजवून जागेवर ठेवा आणि दर मिनिटाला काढून पुन्हा भिजवा. तेच फडकं तसंच ठेवलं तर ते अंगाच्या उष्णतेनं गरम होतं आणि काम करत नाही. धारेइतका गुण फडक्याला नाही, पण काहीच न करण्यापेक्षा ते खूप चांगलं.

आणि उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. बाई शेतावर होती, पोर आजीकडे होतं, तासाभरानं कळलं, तरीही पाणी घाला. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो. लवकर केलं तर जास्त होतो, एवढंच.

आता आजीच्या वाक्याकडे येऊ. पाणी घातलं की फोड येतात, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. आमच्या आयांनीही आम्हाला हेच सांगितलं होतं. असं का वाटतं तेही समजून घ्या. भाजल्यावर फोड यायला वेळ लागतो, कधी दहा मिनिटं, कधी काही तास. तेवढ्या वेळात कोणीतरी पाणी घातलेलं असतं. मग फोड दिसला की दोष पाण्यावर जातो. फोड येतो तो उष्णतेनं. वरचा थर आणि खालचा थर सुटे होतात आणि मधे पाणी साचतं. ज्या जागेला पाणी घातलं नाही तिथेही तो येतोच. त्या मुलीच्या खांद्यावर थेंबभर पाणी पडलं नव्हतं, तिथेच सगळ्यात मोठा फोड आला. हे त्या आजींनी स्वतः बघितलं आणि आता आमच्या पाड्यात पाणी घाला म्हणून सर्वात आधी त्याच ओरडतात.

पाण्यात एक काळजी मात्र घ्यायची. लहान मुलाचं अंग पटकन गार पडतं, आणि सूर्यमाळच्या थंडीत तर फारच पटकन. म्हणून पाणी फक्त भाजलेल्या जागेवर. बाकीचं अंग कोरड्या गोधडीत गुंडाळायचं, डोक्याला टोपरं घालायचं, दार लावून घ्यायचं. सगळं पोर थंड पाण्याच्या टबात बसवायचं नाही. पोर थरथर कापायला लागलं, ओठ निळसर दिसले किंवा ते मलूल पडलं, तर पाणी थांबवा, अंग पुसून ऊब द्या आणि निघा. अगदी तान्हं बाळ असेल किंवा अंगाचा बराच भाग भाजला असेल तर हे जास्त जपायचं.

बर्फ लावायचा नाही. कोणाकडे फ्रीज आहे, कोणी कुल्फीवाल्याकडून बर्फ आणतं. बर्फानं तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रक्त पोहोचत नाही, आणि जी कातडी वाचू शकली असती तीही मरते. थंड पाणी म्हणजे माठाचं पाणी, बर्फाचं नाही.

आता काय लावायचं नाही ते बघू. उत्तर सोपं आहे. पाण्याशिवाय काहीच लावायचं नाही. पण "काहीच नाही" एवढं म्हटलं की ऐकणारीचं समाधान होत नाही, म्हणून एकेकाचं कारण सांगतो.

तेल, तूप, लोणी. हे कातडीवर झाकणासारखं बसतं. आतली उष्णता बाहेर पडायची ती अडते. आपण म्हणालो ना, उष्णता आत धरून ठेवतं ते चूक. तेल तेच करतं.

टूथपेस्ट. लावल्यावर गार लागते म्हणून लोक लावतात. तो गारवा फक्त जाणवण्यापुरता असतो, उष्णता त्यानं निघत नाही. शिवाय ती जळजळ करते आणि वाळली की घट्ट बसते. आमच्या मुलीच्या मानेवरची वाळलेली टूथपेस्ट दवाखान्यात नर्सताईंना ओलं करून करून काढावी लागली. त्या वेळी ते पोर जेवढं रडलं, तेवढं भाजल्यावरही रडलं नव्हतं. आईनं तोंड फिरवून घेतलं होतं.

हळद. हळद घरातलं औषध आहे, आपण तिला मानतो. पण भाजलेल्या जागेवर तिचा रंग बसतो. डॉक्टर भाजणं किती खोल आहे हे रंगावरून ओळखतात. लाल आहे, गुलाबी आहे की पांढरट आहे, यावरून पुढचे उपचार ठरतात. पिवळं करून नेलं तर त्यांना काही दिसत नाही. शाई, मेंदी, काजळ, रंगीत मलम, सगळ्यांचं तेच. कसलं मलम लावायचं ते डॉक्टर बघून सांगतील, त्याआधी पानटपरीवरची ट्यूब नको.

शेण, माती, राख, चुलीतली काजळी. यात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. भाजलेली जागा म्हणजे कातडीचं दार उघडं पडलेलं. त्यात शेण भरणं म्हणजे जंतूंना आपणच आत घेणं. कच्चं अंडं, झाडपाल्याचा लगदा, यातूनही जंतूच जातात.

बटाट्याचं मात्र थोडं वेगळं आहे आणि ते सांगायला हवं. बैठकीत एकीनं विचारलं, मुंबईच्या दवाखान्यात बटाट्याची सालं लावतात असं ऐकलं, मग आम्ही किसलेला बटाटा लावला तर काय बिघडलं? तिनं ऐकलं ते खरं आहे. मुंबईत परळच्या वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी 1980 च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या तयार केल्या. भाजलेल्या मुलांची जखम झाकायला स्वस्त आणि न चिकटणारं काहीतरी हवं होतं, म्हणून. पुढे मुंबईतच सायनच्या रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी त्याच कामासाठी केळीची पानं वापरून दाखवली. केळीचं पान जखमेला चिकटत नाही, पट्टी बदलताना दुखत नाही. आपल्या मातीतल्या वस्तूचा हा मोठा उपयोग आहे, यात शंका नाही.

पण त्यांनी काय केलं ते नीट ऐका. सालं आणि पानं पट्टीवर चिकटवून यंत्रात वाफेच्या दाबाखाली जंतुविरहित केली. जखम आधी स्वच्छ केली. मग ती पट्टी बांधली. म्हणजे ते जखमेचं पांघरूण होतं, पहिल्या दहा मिनिटांचा उपाय नव्हता. आपण परसातलं पान तोडून किंवा कच्चा बटाटा किसून लावतो, त्यावर धूळ, माती, जंतू सगळं असतं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दवाखान्यात लावलं तर लावू द्या, घरी लावू नका.

आणि फोड फोडायचा नाही. सुईनं नाही, नखानं नाही. तो फोड म्हणजे देवानं दिलेली पट्टी आहे, आत जंतू जाऊ देत नाही. फोडायचाच असेल तर ते डॉक्टर ठरवतील.

वीस मिनिटं पाणी झालं. मग काय? जागा झाकायची. हवा लागली तरी भाजलेलं फार झोंबतं, झाकलं की दुखणं कमी होतं. धुऊन उन्हात वाळवलेलं जुनं सुती लुगडं किंवा धोतर, त्याचा मऊ तुकडा घ्या. कापूस लावू नका, त्याचे तंतू जखमेत अडकतात. कापड अंगावर हलकं पसरायचं, घट्ट गुंडाळायचं नाही, कारण सूज यायची असते. हात भाजला असेल तर नवीन, कोरी, स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हातात मोज्यासारखी घालून मनगटाशी सैल धरली तरी चालतं, ती चिकटत नाही. पिशवी फक्त हातापायाला, तोंडाजवळ कधीच नाही. बोटं भाजली असतील तर बोटांच्या मधे कापडाची घडी ठेवा, एकमेकांना चिकटू देऊ नका.

आता दवाखान्यात कधी न्यायचं? यासाठी माप पोराच्या स्वतःच्या हातात आहे. मुलाचा तळहात, बोटं जुळवून, म्हणजे त्याच्या अंगाच्या सुमारे शंभरावा भाग. माप त्याच्या तळहाताचं घ्यायचं, आपल्या नाही. भाजलेली जागा त्याच्या एका तळहातापेक्षा मोठी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. दहा तळहात किंवा त्याहून जास्त असेल तर जिवाला धोका आहे. अंगातलं पाणी भाजलेल्या जागेतून झिरपून जातं आणि सलाईन लागतं, तिथे एक मिनिट घालवायचं नाही. आमच्या मुलीचं आम्ही मोजलं तेव्हा सात-आठ तळहात झालं.

आकार लहान असला तरी काही जागा मोठ्याच धरायच्या. तोंड, डोळे, हाताचे पंजे, पावलं, लघवीची जागा आणि कोपर, गुडघा, मान असे सांधे. हातापायाला गोल वेढा पडल्यासारखं भाजलं असेल तरीही न्यायचं. बाळ एक वर्षाच्या आतलं असेल तर भाजणं केवढंही असो, दाखवायचं.

आणि एक फसवी खूण सांगतो. लाल आहे, ओलं आहे, हात लावला की पोर ओरडतं, ते बहुतेक वरचं भाजणं. पण जागा पांढरट, चामड्यासारखी, कोरडी दिसते आणि पोराला तिथे दुखत नाही, तेव्हा आपण म्हणतो, बरं झालं, दुखत नाहीये. ते बरं नाही. तिथली दुखणं कळवणारी नसच भाजून गेली आहे. न दुखणारं भाजणं हे जास्त खोल असतं, त्याला आधी न्यायचं.

गाडी बोलवायची ती पहिल्या मिनिटाला. एकीनं पाणी ओतायचं, दुसरीनं 108 ला फोन लावायचा किंवा पाड्यातली जीप बघायची. आपल्या रस्त्यांवर गाडी यायला वेळ लागतोच, तो वेळ पाण्याचा. वीस मिनिटं व्हायच्या आत गाडी आली तर ओलं फडकं आणि पाण्याची बाटली बरोबर घ्या, वाटेत फडकं बदलत राहा. फोनला रेंज नसेल तर कुठल्या माळावर रेंज येते आणि धावत कोण जाणार हे आजच ठरवून ठेवा. आशाताईंना कळवा. जवळचं आरोग्य केंद्र, मग मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचं कुटीर रुग्णालय. भाजणं मोठं असेल तर तिथून ते पुढे पाठवतात. नवी मुंबईत ऐरोलीला तर फक्त भाजलेल्यांसाठीचं रुग्णालय आहे, नॅशनल बर्न्स सेंटर. तिथपर्यंत जायची वेळ फार थोड्यांवर येते. पुढे पाठवलं म्हणजे पोर हातचं गेलं असा अर्थ काढू नका.

जाताना तीन गोष्टी बरोबर घ्या. लसीकरणाचं कार्ड, म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं का ते कळेल. काय सांडलं आणि किती वाजता सांडलं, हे सांगणारं माणूस. आणि अंगावर काही लावलं असेल तर ते खरं खरं सांगायचं, लाजायचं नाही. पोर शुद्धीवर असेल तर अंगावर पाजा किंवा घोट घोट पाणी द्या, आणि शेवटचं कधी पाजलं ते डॉक्टरला सांगा. दुखण्याचं औषध मोठ्या माणसाच्या गोळीचा तुकडा मोडून देऊ नका. मुलाचं औषध वजनावर असतं, आशाताई किंवा नर्सताईंना विचारून द्या.

घरी परत आल्यावरही पहिले काही दिवस डोळ्यात तेल घालून बघायचं. ताप आला, अंगावर लाल पुरळ आलं, उलट्या किंवा जुलाब सुरू झाले, पोर झोपाळल्यासारखं पडून राहिलं, जखमेला वास आला किंवा भोवती लाली पसरली, तर पट्टीची पुढची तारीख येईपर्यंत थांबायचं नाही. भाजणं लहान असलं तरी असं होऊ शकतं आणि लहान मुलात ते फार झपाट्यानं वाढतं.

आमची मुलगी बरी झाली. हातावरची जागा दोन आठवड्यांत भरली, आज डागही शोधावा लागतो. खांद्याला मात्र महिने लागले. तिथली कातडी आक्रसते, म्हणून तिची आई रोज तिचा हात वर करून व्यायाम करून घेते. पोर कुरकुरतं, तरी करते. नाही केला तर हात खांद्यापासून पूर्ण वर जाणार नाही, असं तिला सांगितलं आहे. स्वेटराखालच्या त्या दहा मिनिटांची किंमत ती दोघी अजून भरत आहेत.

शेवटी, हे होऊच नये म्हणून आमच्या गटानं काय बदललं ते सांगतो. फार नाही, चारच गोष्टी.

गरम टोप खोलीच्या मधे ठेवायचा नाही. चुलीच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवायचा, आणि टोप उतरवताना पोर झोळीत किंवा कोणाच्या तरी मांडीवर. चुलीपासून तीन फुटांवर आम्ही चुन्याची रेघ ओढली आहे. दीड वर्षाचं पोर रेघ मानत नाही, हे आम्हाला कळतं. ती रेघ मोठ्यांसाठी आहे. पोर रेघेच्या आत दिसलं की जी कोणी बघेल तिनं उचलायचं, मग ते कोणाचंही असो.

आंघोळीला बादलीत आधी गार पाणी, मग गरम. उलटं केलं तर मधल्या वेळेत पोर बादलीत हात घालतं. पाणी आपल्या कोपरानं बघायचं, कष्टाच्या तळहाताला ते कमी गरम लागतं. आपली कातडी जाड, पोराची पातळ. ज्या पाण्यानं मोठ्या माणसाला पाच सेकंदांत खोल भाजतं, त्यानं लहान मुलाला त्याहून फार कमी वेळात भाजतं.

पोर मांडीवर असताना चहा प्यायचा नाही. कोरा चहा ओतल्यावर पाव तासानंही लहान मुलाला भाजवू शकतो. आधी पोर खाली, मग कप हातात.

आणि चौथं, वीटभट्टीवर जाणाऱ्या बायांसाठी. दिवाळीनंतर आपल्यातली कितीतरी घरं भट्टीवर जातात. तिथे झोपडी लहान, चूल म्हणजे तीन विटा, टोप डगमगतो. विटा अर्ध्या मातीत पुरून घ्या म्हणजे टोप हलणार नाही. आणि एक हंडा पाणी रात्रंदिवस भरलेला ठेवा, शेजारणीलाही सांगा. तो हंडा कशासाठी आहे, ते आता तुम्हाला माहीत आहे.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की उठू नका. एक हंडा, एक तांब्या, एक परात मधे ठेवा. एकीनं हात पुढे करा, दुसरीनं बारीक धार धरा, तिसरीनं वेळ बघा. वीस मिनिटं किती लांब असतात ते हात धरून बसल्याशिवाय कळत नाही. आणि सासूबाईंना, आजींना बैठकीला नक्की आणा, कारण पोरं दिवसभर त्यांच्याजवळ असतात. पहिली कळशी त्यांच्याच हातात असणार आहे.

येतो मग आम्ही. चुलीवरचं बघा, पोराकडं बघा. नमस्कार.